गर्दीत चक्कर येऊन पडलेली मुलगी: आधी आडवं करा, मग पाणी, आणि हृदय कधी तपासायचं

प्रश्न: डॉक्टर, आम्ही डिचोलीचे. मुलगी १४ वर्षांची, नववीत. चवथीच्या दिवशी दुपारी वाड्यावर घरोघरी आरत्या करत फिरताना तिसऱ्या घरात ती कोसळली. खोली माणसांनी भरलेली, आरतीचे घुमट पाऊण तास वाजत होते. त्याआधी आईला म्हणाली, "गरम होतंय, डोळ्यांपुढे काळोख येतोय." मागच्यांनी धरून खुर्चीवर बसवलं तर डोळे वर गेले आणि हातांना चार-पाच झटके आले. कुणी कांदा हुंगवला, कुणी हातात चावी दिली. जमिनीवर निजवल्यावर लगेच शुद्धीवर आली, पण थोड्या वेळाने बाथरूमला जायला उठली आणि पुन्हा पडली. आदल्या दिवशी तयेचा उपवास होता, सकाळी नुसता चहा. पूर्वी असं कधी झालं नाही. घरात तिच्या आजोबांना ७२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. ही फिट आहे का? इको करायचा का? पाणी, ओआरएस, मीठ किती द्यायचं?

उत्तर: ही फिट वाटत नाही. ही साधी मूर्च्छा आहे. आम्ही तिला वासोव्हॅगल सिंकोपी म्हणतो. हृदयात दोष असण्याची शक्यता तुमच्या हकिकतीवरून फारच कमी दिसते. तरीही एक ईसीजी काढून घ्या, येत्या आठवड्यात. इको, मेंदूचा स्कॅन आणि ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, हे आज नको. हे मी कशाच्या आधारावर म्हणते ते नीट समजावते, कारण पुन्हा असा प्रसंग आला तर पहिल्या मिनिटात तिथे मी नसेन, तुम्ही असाल.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटातल्या आणि पायांतल्या शिरांमध्ये उतरतं. एरवी ते कळत नाही, कारण आपण चालतो, पाय बदलतो, आणि पोटऱ्यांचे स्नायू ते रक्त पिळून वर पाठवत राहतात. आरतीत तसं होत नाही. हात टाळ्या वाजवतात, पण पाय अर्धा-पाऊण तास एका जागी खिळलेले असतात, कारण सरकायला जागाच नसते. त्यात चवथीच्या दिवसांतला दमटपणा, समयांची आणि कापराची धग, अंगाला अंग लागलेलं. उकाड्यात कातडीच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि आणखी रक्त तिकडे जातं. आदल्या दिवसाच्या उपवासामुळे तिच्या शरीरात पाणी आणि मीठ मुळातच कमी होतं. म्हणजे हृदयाकडे परत येणारं रक्त चारही बाजूंनी घटलेलं.

अशा वेळी शरीर आधी हृदयाचे ठोके वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सांभाळतं. काही जणांत, आणि वाढीच्या वयातल्या मुलींमध्ये विशेष, एका क्षणी हे गणित उलटतं. व्हेगस नावाची नस हृदयाला एकदम मंद करते, त्याच वेळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब झपाट्याने घसरतो. मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद तुटला तरी शुद्ध जाते. पण त्याआधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ, शरीर इशारे देतं: अंग तापल्यासारखं वाटतं, मळमळतं, जांभया येतात, घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, नजर धूसर होऊन काळोख येतो. तुमच्या मुलीने आईला सांगितलेली ती दोन वाक्यं माझ्यासाठी कुठल्याही मशीनच्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलकी आहेत.

आता त्या झटक्यांविषयी, कारण तुमच्या घरात खरी भीती त्यांचीच बसली आहे. मूर्च्छेवर शरीराने स्वतःच शोधलेला उपाय म्हणजे पडणं. आडवं झालं की पाय, पोट, हृदय आणि डोकं एका पातळीत येतात, साठलेलं रक्त परत फिरतं आणि वीसेक सेकंदांत शुद्ध येते. गर्दीत नेमकं हेच होऊ देत नाहीत. बाजूच्या माणसांच्या दाटीमुळे मूल पुरतं पडतच नाही, किंवा मायेपोटी कुणी तरी काखेत हात घालून त्याला उभं धरतं, खुर्चीवर बसवतं, मान सावरतं. डोकं वरच राहतं, रक्तदाब अजून तळाशी असतो, आणि मेंदूला रक्त मिळण्याची वेळ लांबते. रक्त तुटलेला मेंदू मग हातापायांना झटके देतो, डोळे वर वळतात, क्वचित कपड्यात लघवीही होते. साध्या मूर्च्छेतही थोडे झटके येतात, हे आमच्या क्षेत्रात चांगलं ठाऊक आहे. उभं किंवा बसतं धरलेल्या मुलात ते जास्त येतात. खुर्चीवर झटके आले आणि जमिनीवर निजवताच ती शुद्धीवर आली, या क्रमातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. फिट जमिनीवर निजवल्याने थांबत नाही.

फिट आणि मूर्च्छा वेगळी ओळखायला मी पालकांना तीनच गोष्टी विचारते. पहिली, आधी काय झालं: मूर्च्छेत मूल आधी ढिलं पडतं आणि मग झटके येतात, मोठ्या फिटमध्ये आधी अंग ताठ होतं. दुसरी, झटके किती: मूर्च्छेत ते सहसा दहाच्या आत, वेडेवाकडे, काही सेकंदांचे असतात; फिटमध्ये वीसच्या वर, एका ठेक्यात, मिनिट-दोन मिनिटं चालतात. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, नंतर काय झालं: मूर्च्छेतून उठलेलं मूल मिनिटभरात विचारतं, "काय झालं? मी पडले?" त्याला आई ओळखू येते, जागा ओळखू येते, फक्त थकवा असतो. फिटनंतर मूल दहा मिनिटं, अर्धा तास भांबावलेलं असतं, भलतंच बोलतं किंवा गाढ झोपतं, आणि जिभेची कड चावलेली दिसते. लघवी होणं आणि डोळे वर जाणं दोन्हींत होतं, म्हणून त्यावरून काही ठरवू नका.

ईईजी नको म्हणते तेही याचसाठी. पूर्ण निरोगी मुलांपैकी काहींच्या ईईजीत किरकोळ बदल दिसतात. मूर्च्छा आलेल्या मुलाचा ईईजी काढला, त्यात असं काही सापडलं, की त्याच्या माथी फिटचा शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षं गोळ्या चालतात. अशा गोळ्या बंद करायला आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांनी दरम्यान काय सोसलं ते आठवून मी आजही हकिकत पुरी ऐकल्याशिवाय ईईजी लिहीत नाही.

पुढच्या वेळी काय करायचं ते सांगते. तिचा चेहरा पांढरा पडला, ती "गरम होतंय" म्हणाली, की तिथेच खाली बसवा आणि लगेच आडवं करा. माटोळीखाली का असेना, चारजणांना सरकावं लागलं तरी हरकत नाही. "बाहेर हवेत नेऊया" म्हणून चालवत नेऊ नका. दारापर्यंत पोचायच्या आत मुलं पडतात आणि तेव्हा डोकं उंबऱ्यावर किंवा पायरीवर आपटतं. मूर्च्छेने स्वतः इजा होत नाही, इजा होते ती त्या आपटण्याने. उताणं निजवा, पाय खुर्चीवर किंवा कुणाच्या मांडीवर फूटभर उंच ठेवा, गळ्याशी आणि कमरेला घट्ट काही असेल तर सैल करा, माणसं दोन पावलं मागे हटवा. उलटी येत असेल तर कुशीवर वळवा. आणि एकाने घड्याळ पाहावं.

तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, तीर्थही नाही. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात घातलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. कांदा, चप्पल, चावी यांनी काही होत नाही. ती हुंगवली आणि मूल जागं झालं असं दिसतं, कारण तोवर वीस सेकंद उलटलेले असतात. तोंडावर पाणी शिंपडलं तर नुकसान नाही, पण त्यासाठी कुणी तिला बसवू नये.

आडवं करूनही मिनिटभरात शुद्ध आली नाही तर १०८ ला फोन लावा. छाती हलत नसेल किंवा मासा पाण्याबाहेर तडफडावा तसा मधूनच एखादा आचका येत असेल, तर तो श्वास समजू नका. ते हृदय थांबल्याचं लक्षण आहे. अशा वेळी छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, पाचेक सेंटीमीटर खोल दाबायला सुरुवात करायची आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. मूर्च्छेत नाडी मंद आणि बारीक असते, ती घाबरलेल्या माणसाच्या बोटांना लागत नाही. म्हणून नाडी शोधण्यात वेळ घालवू नका, श्वास पाहा.

तुमच्या मुलीची दुसरी पडझड टाळता आली असती. शुद्ध आली म्हणजे रक्तदाब पूर्ववत झाला असं नसतं. व्हेगसचा तो खेळ बराच वेळ दबा धरून असतो. शुद्धीवर आल्यावर दहा-पंधरा मिनिटं आडवंच ठेवा. मग पाच मिनिटं बसवा. मग कुणाचा तरी हात धरून उभं करा. व्हेगसच्या त्याच खेळामुळे पोटात ढवळतं आणि बाथरूमला जावंसं वाटतं. मुलं नेमकी त्याच घाईत उठतात, आतून कडी लावतात आणि फरशीवर पडतात. आईने सोबत जावं, दार नुसतं ओढून घ्यावं, कडी नको.

पाण्याचं आता. दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकात मिसळतात. एक, तातडीचं: चारशे ते पाचशे मिलिलिटर साधं पाणी, म्हणजे दोन मोठे पेले, तीन-चार मिनिटांत पिऊन टाकलं की पाचेक मिनिटांनी रक्तदाबाला आधार मिळू लागतो आणि तो साधारण तासभर टिकतो. पोटात एकदम पाणी गेल्याने रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा जाग्या होतात, म्हणून हे होतं. घोट घोट प्यायल्याने हा परिणाम मिळत नाही. त्यामुळे आरतीला, शिगम्याची मिरवणूक बघायला किंवा शाळेच्या मैदानावर कवायतीला उभं राहण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी दोन पेले पाणी, हा सवयीचा भाग करा. मूर्च्छा येऊन गेल्यानंतरही ती पूर्ण शुद्धीत असेल आणि मळमळ थांबली असेल तर बसती करून हेच द्या.

दुसरं काम रोजचं: शरीरातला साठा भरलेला ठेवणं. तिच्या वयाला दिवसाला दोन ते अडीच लिटर पातळ पदार्थ, पाणी-ताक-आमटी सगळं धरून. उकाड्यात खेळत असेल तर त्याहून जास्त. मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग पाहायला शिकवा. फिकट असेल तर पुरेसं आहे, गडद पिवळी असेल तर कमी पडतंय. मुलींच्या बाबतीत एक अडचण मी वारंवार ऐकते: शाळेतलं स्वच्छतागृह नको वाटतं म्हणून सकाळपासून त्या पाणीच पीत नाहीत. हे तिला एकटीला घेऊन, न रागावता विचारा.

पाण्याइतकंच मीठ लागतं, कारण पाणी रक्तात धरून ठेवतं ते मीठ. आपल्याकडची सकाळची पेज आणि तिच्यासोबत तोराचं लोणचं, हा या त्रासावर उत्तम नाश्ता आहे. मीठ घातलेलं ताक, लिंबूसरबत, सोलकढीही चांगली. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं असतं, म्हणून ते प्या, पण त्यावर भिस्त नको. ओआरएस रोज द्यायची गरज नाही. उपवास, जुलाब, ताप, उन्हातली स्पर्धा अशा दिवशी द्या: मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, त्याहून कमी पाण्यात नाही, आणि कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं. छोटी पाकिटं पेलाभर पाण्याची असतात, त्यावरची सूचना वाचा. दुकानात मिळणारी गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हेत; त्यांत साखर जास्त आणि मीठ नावापुरतं. एनर्जी ड्रिंक तर अजिबात नको. जेवणातलं मीठ कमी करू नका, एवढंच सध्या पुरे. वरून दिवसाला अर्धा चमचा मीठ मी देते ते वारंवार मूर्च्छा येणाऱ्या मुलांना, तेही रक्तदाब मोजून आणि मूत्रपिंडाचा काही त्रास नाही ना हे पाहून.

आणि उपवास. तिने तो श्रद्धेने धरला असेल, तिचा हिरमोड करू नका. पण या वयात पाण्यासह उपवास करावा, निर्जळी नको. आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्य व्हायला दुपारचे अडीच वाजणार असतील तर तिला सकाळी पेज-भाजी खाऊ द्या. पाळी सुरू असेल, रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्तपांढरी असलेल्या मुलींना मूर्च्छा लवकर येते आणि लोहाच्या गोळ्यांनी त्यात खरोखर फरक पडतो.

इशारे ओळखता आले की ती स्वतःच मूर्च्छा परतवू शकते, हे तिला शिकवा. जागा असेल तर सरळ उकिडवं बसायचं. यासारखं जलद दुसरं काही नाही. बसता येत नसेल तर उभ्या उभ्या पायांची कात्री करून मांड्या, पोट आणि नितंब घट्ट आवळायचे, किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायची, आणि जोवर बरं वाटत नाही तोवर सोडायचं नाही. स्नायूंच्या दाबाने शिरांतलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं. घरी दोन-तीनदा सराव करून घ्या, नाहीतर ऐन वेळी आठवत नाही.

आता हृदय. आजोबांना ७२व्या वर्षी आलेला अटॅक इथे मोजायचा नाही. तो म्हातारपणातला, रक्तवाहिन्यांचा आजार. मुलांच्या बाबतीत मी विचारते ते वेगळं: जवळच्या नात्यात कुणी चाळिशीच्या आत अचानक, झोपेत किंवा खेळताना गेलं का? चांगलं पोहणारा कुणी न्हंयत किंवा चिरेखाणीतल्या पाण्यात कारण नसताना बुडाला का? एखादं तान्हं बाळ रात्रीत गेलं का? जन्मतः बहिरं कुणी आहे का? ही उत्तरं लगेच मिळत नाहीत. आजीला, मोठ्या आत्याला शांतपणे विचारा. "लहानपणी गेलेला काका" बहुधा त्यांनाच आठवतो.

हकिकत कशी वेगळी असते, ते एका मुलाच्या उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तेरा वर्षांचा, फुटबॉल खेळणारा. हनुवटीचे टाके काढायला आईने आणला होता. मैदानावर चेंडूमागे धावता धावता पडला होता. मिनिटभरात उठला, सगळे म्हणाले ऊन लागलं, नाश्ता केला नव्हता, लिंबूसरबत दिलं आणि घरी पाठवला. त्याच्या हनुवटीला तीन टाके होते आणि दोन्ही तळहात मात्र स्वच्छ, साधं खरचटलेलंही नाही. म्हणजे पडताना हात पुढे करण्याइतकाही वेळ त्याला मिळाला नव्हता. त्याला विचारलं, आधी चक्कर, मळमळ, काळोख? काही नाही, "धावत होतो आणि मग जमिनीवर होतो." ईसीजी काढला तर क्यूटी अंतर स्पष्ट लांबलेलं. हृदयाचा एक ठोका झाल्यावर विजेची पुन्हा तयारी व्हायला लागणारा हा वेळ. ठोक्यांच्या वेगाशी जुळवून मोजलेला आकडा ४६० मिलिसेकंदांच्या आसपास गेला की आम्ही सावध होतो, ४८० च्या पुढे वारंवार दिसला तर तो आजारच धरतो. त्याचा ४९० होता. हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवला, घरातल्या सगळ्यांचे ईसीजी झाले आणि धाकट्या बहिणीतही तेच निघालं. दोघं आता रोज बीटा ब्लॉकरची गोळी घेतात, आणि कुठली औषधं टाळायची त्याची यादी त्यांच्या आईच्या पर्समध्ये असते.

हा मुलगाही पडला, मिनिटभरात उठला, तोही उपाशी होता. फरक होता तो पडण्याआधीच्या क्षणांत. म्हणून हे प्रसंग लक्षात ठेवा: खेळाच्या ऐन भरात, धावताना किंवा पोहताना शुद्ध जाणं, बसलेलं, निजलेलं असताना जाणं, इशारा न देता एकदम कोसळणं आणि तोंडावर आपटणं, गजर, फोनची घंटा, फटाका अशा अचानक आवाजासरशी पडणं, पडण्याआधी छातीत दुखणं किंवा धडधड भरून येणं. तुमच्या मुलीच्या वेळी घुमट वाजत होते, पण ते पाऊण तास वाजत होते. दचकून ती पडलेली नाही. शर्यत संपवून थांबल्यावर, उभं असताना येणारी मूर्च्छा बहुतेक वेळा साधीच असते, कारण पोटऱ्यांचा पंप एकदम बंद पडतो. तरी तीही डॉक्टरांना दाखवावी. वरीलपैकी एकही गोष्ट घडली असेल, मुलाच्या हृदयाला आधीचा आजार किंवा शस्त्रक्रिया असेल, किंवा नात्यात तसा मृत्यू असेल, तर ओआरएस देऊन घरी ठेवू नका. त्याच दिवशी इस्पितळ, आणि हृदयरोगतज्ज्ञांनी पाहीपर्यंत खेळ, पोहणं पूर्ण बंद.

तुमच्या हकिकतीत यातलं काही नाही, मग ईसीजी कशाला? कारण काही मुलांत विजेचा दोष असतो आणि ऐकलेल्या हकिकतीतून तो निसटू शकतो. ईसीजीला पाच मिनिटं लागतात, सुई नाही, दुखत नाही, खर्च थोडा. तालुक्याच्या सरकारी इस्पितळातही तो निघतो. बारा लीडचा काढा आणि कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा. वर मशीनने छापलेल्या शब्दांवर जाऊ नका. मुलांच्या ईसीजीत मशीन कधी निरोगी आलेखाला "ॲबनॉर्मल" म्हणतं आणि क्यूटी चुकीचं मोजतं. ते अंतर डॉक्टरांनी पट्टी ठेवून हाताने मोजायला हवं, आणि मुलांचे ईसीजी वाचायची सवय असलेल्या डॉक्टरांनी. डॉक्टर त्यात क्यूटीसोबत आणखी दोन-तीन गोष्टी बघतात: विजेचा जास्तीचा आडमार्ग, वहनातला अडथळा, हृदयाची भिंत जाड झाल्याच्या खुणा. त्याच भेटीत छाती ऐकून घ्या, आणि रक्तदाब व नाडी आधी पाच मिनिटं निजवून, मग उभं करून तिसऱ्या आणि दहाव्या मिनिटाला मोजायला सांगा. उभं राहिल्यावर या वयात नाडी ४० ने किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहत असेल आणि रोज उभं राहताना त्रास होत असेल, तर तो वेगळा विकार आहे, त्याचे उपचार वेगळे.

हे सगळं नीट असेल तर इकोतून नवं काही मिळत नाही. इको हृदयाची रचना दाखवतो, वीज दाखवत नाही. छाती ऐकताना ठोक्यांमध्ये जास्तीचा आवाज म्हणजे मर्मर आढळली, ईसीजीत भिंत जाड दिसली किंवा खेळताना शुद्ध गेली असेल, तेव्हा तो हवाच. तेव्हा गोमेकॉत किंवा जिथे मुलांचं हृदय पाहणारे तज्ज्ञ असतील तिथे करून घ्या. उलट बाजूही सांगायला हवी: धावताना पडलेल्या मुलाचा ईसीजी आणि इको दोन्ही नॉर्मल आले तरी त्याला मोकळं सोडायचं नाही. एक आजार असा आहे की विश्रांतीत आलेख अगदी स्वच्छ येतो आणि दौडताना किंवा भीती, राग आला की ठोके बिघडतात. तो बहुधा ट्रेडमिलवर धावायला लावूनच सापडतो. म्हणून अशा मुलाचे पालक "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" असं सांगत आले तरी मी पहिला प्रश्न तोच विचारते, की पडला तेव्हा तो काय करत होता.

ईसीजीला जाताना गेल्या दोन आठवड्यांत दिलेल्या औषधांची नावं लिहून न्या. घशासाठी दिलेलं ॲझिथ्रोमायसिन, उलटी थांबवायचं ऑन्डानसेट्रॉन, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, मनोविकारांवरची काही औषधं क्यूटी लांबवतात. निरोगी मुलात त्याने सहसा काही होत नाही, पण आलेख वाचणाऱ्याला ते माहीत असलेलं बरं.

ईसीजी नीट आला की तिला शाळा, नाच, सायकल, खेळ सगळं चालू ठेवू द्या. पोहायला मात्र काही महिने एकटी पाठवू नका आणि झाडावर, गच्चीच्या कठड्यावर चढू देऊ नका. वर्गशिक्षिकेला एक चिठ्ठी द्या: प्रार्थनेच्या वेळी तिला गरगरलं तर परवानगी न मागता खाली बसू द्यावं, पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी. पुन्हा मूर्च्छा आली तर बाजूला असलेल्याने मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा, पण तिला आडवं केल्यानंतर. महिन्यातून एकदापेक्षा जास्त वेळा येऊ लागली किंवा पडून लागलं, तर ईसीजीची प्रत आणि तो व्हिडिओ घेऊन या. तेव्हा चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टर लावायचा की टेबलावर निजवून, टेबल तिरपं उभं करून रक्तदाब पाहायची टिल्ट टेस्ट करायची ते ठरवता येईल.